बॉट गाड्या चिकटून राहतात, पण खोट्या वाटतात. रबर बँडचं काय करावं?

वळणवेडा

नमस्कार मंडळी. मी आणि एक मित्र मिळून फावल्या वेळात छोटा रेसिंग गेम करतोय. पक्कं सिम्युलेशन नाही आणि अगदी आर्केडही नाही, मधलंच काहीतरी. ट्रॅक 2.4 किलोमीटरचा, लॅप साधारण 75 सेकंदांचा, तीन लॅपची शर्यत. एक खेळाडू आणि पाच बॉट.

बॉटना मोकळं सोडलं तर दुसऱ्या लॅपलाच शर्यत संपते. खेळाडू एकतर फार पुढे असतो नाहीतर फार मागे, आणि उरलेला वेळ एकटाच गाडी हाकतो. म्हणून हा बँड लावला:

```
gap = player.dist - ai.dist
ai.maxSpeed = base * clamp(1 + gap * 0.002, 0.85, 1.2)
```

म्हणजे बॉट 100 मीटर मागे पडला की त्याचा कमाल वेग 20 टक्क्यांनी वाढतो. आता शर्यती अटीतटीच्या होतात, पण खेळून बघणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने "हे खोटं आहे" असं म्हटलं. एकाचं म्हणणं, "मी कितीही चांगली चालवली तरी निळी गाडी मागे असतेच." दुसऱ्याचं म्हणणं, सरळ रस्त्यावर ती शेजारून अशी जाते की आपण उभेच आहोत असं वाटतं.

शिवाय सगळे बॉट एकाच रेसिंग लाइनवर असल्यामुळे आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक फिरतात. शर्यत चुरशीची राहावी आणि तरी खोटी वाटू नये, हे जमवायचं कसं?

रिकामटेकडा

माझी शैली पहिल्यापासून ठरलेली आहे. दोन लॅप निवांत फिरायचं, शेवटच्या लॅपला जीव काढायचा. तुमच्या गेममध्ये मी विश्वविजेता होणार असं दिसतंय.

नेटकरी_७

हा सर्व्हरचा प्रश्न आहे. गाडी पुढे जाते आणि झटक्यात मागे खेचली जाते, बरोबर ना? सर्व्हरचा टिक रेट बघा, क्लायंटकडे इंटरपोलेशनचा बफर थोडा वाढवा. आमच्याकडे 100 मिलिसेकंदांचा बफर ठेवल्यावर झटके बरेच कमी झाले होते.

वळणवेडा

@नेटकरी_७, गेम एकट्याने खेळायचा आहे हो, नेटवर्कचा संबंध नाही. मागे पडलेल्या बॉटला पुढे ओढायचं आणि पुढे गेलेल्याला रोखायचं, त्या रबर बँडबद्दल विचारतोय.

नेटकरी_७

अच्छा, ते होय. मग माझा प्रतिसाद दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला येईल.

शुद्धरेस

काढून टाका तो बँड. स्पष्टच सांगतो, खेळाडूच्या चांगल्या ड्रायव्हिंगची शिक्षा त्यालाच देण्याची ही सोय आहे. मी एपेक्स अचूक पकडला, अर्धा सेकंद कमावला, आणि तुम्ही तो मागच्या गाडीला वाटून टाकलात. मग मी शिकायचं कशासाठी? सोपं, मध्यम, अवघड अशा पातळ्या द्या. हरायचं असेल तर प्रामाणिकपणे हरू दे.

छोटीचा_बाबा

@शुद्धरेस, तुमचं पटतं, पण ते तुमच्यापुरतं. माझी आठ वर्षांची लेक आहे. बँड नसलेल्या गेममध्ये पहिल्या वळणावर भिंतीला धडकते आणि उरलेली शर्यत रिकाम्या रस्त्यावर काढते. दुसऱ्यांदा तो गेम उघडत नाही. मारिओ कार्टमध्ये 1992 पासून हेच चाललंय आणि त्याची कुणी लाज बाळगत नाही. 1996 च्या भागात तर पहिल्या नंबरच्या गाडीला शोधत जाणारं निळं कवच आलं! सरळ सरळ लूटमार, पण पोरं खूश.

शुद्धरेस

कवच दिसतं तरी. ते आलं, मला लागलं, मी मागे पडलो, नियम कळला. इथे इंजिन गुपचूप वाढतंय. माझा राग मदतीवर नाही, लपवाछपवीवर आहे.

कोनमापक

दोन-तीन रेसिंग गेमच्या बॉटवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वळणवेडा, तुमच्या बँडची ताकद ठीक आहे, तो लावलाय चुकीच्या जागी. maxSpeed ला गुणताय, म्हणजे मदत नेमकी सरळ रस्त्यावर दिसते. सरळ रस्त्यावर खेळाडूला दुसरं काम नसतं. एक्सलरेटर पूर्ण दाबलेला आणि नजर शेजारच्या गाडीवर. आपली गाडी 200 वर अडकलेली असताना तसलीच गाडी 240 ने निघून गेली, तर फसवणूक लक्षात यायला एक सेकंद पुरतो.

आता वळण घ्या. तुमच्या रेसिंग लाइनची त्रिज्या एखाद्या वळणात 40 मीटर आहे आणि टायरची पकड 1.1 आहे असं धरू. कमाल वेग म्हणजे पकड, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ: 20.8 मीटर प्रति सेकंद, ताशी साधारण 75. आता बॉटला सांगा की पकडीतली 92 टक्केच वापरायची. वेग होतो 19.9, ताशी जवळपास 72. वळणात 75 आणि 72 मधला फरक खेळाडूला डोळ्यांनी कळत नाही, कारण तो स्वतः तेव्हा ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये गुंतलेला असतो. पण लॅपच्या 75 सेकंदांपैकी 30 सेकंद वळणांत जात असतील, तर एवढ्यानेच लॅपला सव्वा सेकंद पडतो.

ब्रेकिंगचंही तसंच. 50 मीटर प्रति सेकंदावरून 20.8 वर यायचं आहे. 9 मीटर प्रति सेकंद वर्गाने ब्रेक लावला तर 115 मीटर लागतात. बॉट थोडा भित्रा करून 8.1 नेच ब्रेक लावू दिला तर 128 मीटर लागतात, म्हणजे तो 13 मीटर आधी ब्रेक दाबतो. नुकसान जेमतेम एक दशांश सेकंदाचं, पण बघणाऱ्याला वाटतं, "हा ड्रायव्हर जरा घाबरट दिसतोय." गाडी खोटी असल्याचा संशय येत नाही.

थोडक्यात, इंजिनाला हात लावू नका, ड्रायव्हरला लावा.

वळणवेडा

हे वाचून एक गोष्ट तपासली. आमच्याकडे वळणातला टार्गेट वेगसुद्धा maxSpeed च्या प्रमाणात वाढतो. बँड जोरात असताना बॉट वळणाबाहेर फेकले जात होते, म्हणून मित्राने बॉटना जादा ग्रिप दिलं होतं. ते काढून बघितलं तर मागे पडलेला बॉट हमखास गवतात जातो, आणखी मागे पडतो आणि मग आणखी जोरात येतो.

कोनमापक

हा दुष्टचक्राचा नेहमीचा नमुना आहे. वरच्याच वळणात वेग 8 टक्क्यांनी वाढवला तर गाडी 22.5 ने शिरते. तेवढ्या वेगाला त्या पकडीत 47 मीटरची त्रिज्या लागते, आणि तुमची लाइन 40 ची आहे. गाडी बाहेर जाणारच. बँडला वाटतं बॉट मागे पडला, अजून ढकला. मग कुणीतरी ग्रिप वाढवून भोक बुजवतं, आणि त्या क्षणापासून बॉटची गाडी आणि खेळाडूची गाडी एकसारखी राहत नाही. खेळाडू त्याच वेगाने वळण घ्यायला जातो, घसरतो आणि विचारतो, "तो कसा गेला?"

म्हणून बँडला मर्यादेच्या वर जायची सोयच ठेवू नका. आधी बँडशिवाय, खेळाडूच्याच गाडीत, पूर्ण पकड वापरणारा बॉट धावू द्या. तो तुमच्या बहुतेक खेळाडूंपेक्षा वेगवान निघाला पाहिजे. मग त्याला नेहमी थोडा दाबून ठेवा, म्हणजे 90 टक्क्यांवर. बँड फक्त ती दाबणूक सैल करतो नाहीतर आवळतो. बॉट 100 टक्क्यांवरही खेळाडूला गाठू शकत नसेल, तर तो खेळाडू खरंच चांगला आहे. त्याला जिंकू द्या.

शुद्धरेस

हे शेवटचं वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं.

रिकामटेकडा

माझी विश्वविजेतेपदाची संधी गेली वाटतं.

गणितप्रेमी

कोनमापकांचं बरोबर, पण नियंत्रण अजून कच्चं आहे. इथे सरळ पीआयडी लावा. अंतर हा एरर, टार्गेट शून्य. इंटिग्रल टर्ममुळे कायमचा फरकही भरून निघतो, शर्यत अगदी बरोबरीत राहते. आणि आउटपुट गुळगुळीत करा, झटका बसला की लोकांना कळतं.

कोनमापक

गुळगुळीत करण्याबद्दल पूर्ण सहमत. बाकीच्याला दोन हरकती.

एक, इंटिग्रल. खेळाडू धडकून दहा सेकंद उलटा उभा राहिला की तेवढा वेळ एरर साचत राहतो. तो परत धावू लागल्यावर साठलेली मदत उतरायला अर्धा लॅप लागतो, आणि तोवर बॉट कारण नसताना रेंगाळतात. साधा प्रपोर्शनल, मर्यादा आणि बदलाच्या वेगावर लगाम, एवढं पुरतं.

दोन, टार्गेट शून्य. पाच बॉटचं टार्गेट शून्य म्हणजे पाचही जण खेळाडूच्या बंपरवर गोळा होणार. निळी गाडी मागे असतेच, ही तक्रार त्यातूनच येते. प्रत्येकाला वेगळं टार्गेट द्या. एक बॉट अडीच सेकंद पुढे, एक सेकंदभर पुढे, एक जवळपास बरोबर, एक दीड सेकंद मागे, एक चार सेकंद मागे. 2008 च्या 'प्युअर' नावाच्या गेमच्या एआयवर एक जाहीर लेख आहे. तिथेही त्यांनी वेगापेक्षा कौशल्य बदललं होतं आणि बॉटचे गट पाडले होते. ही कल्पना काही माझी नाही.

गणितप्रेमी

अँटी-वाइंडअप लावला तर पहिली हरकत उरत नाही. दुसरी मान्य.

वळणवेडा

तुम्ही टार्गेट सेकंदांत लिहिलंय. आमचं अंतर मीटरमध्ये आहे. काही फरक पडतो का?

कोनमापक

बराच पडतो. दोन गाड्यांत कायम एक सेकंदाचं अंतर आहे असं समजा. सरळ रस्त्यावर 50 च्या वेगाला ते 50 मीटर दिसतं, हेअरपिनमध्ये 15 च्या वेगाला 15 मीटर. शर्यतीत काहीच बदललेलं नसताना मीटरवरचा बँड प्रत्येक सरळ रस्त्यावर घाबरतो आणि प्रत्येक हेअरपिनमध्ये निवांत होतो. मागच्या बॉटला सरळ रस्त्यावर जोर मिळतो आणि वळणात काढून घेतला जातो, म्हणजे नेमकं नको तिथे.

सेकंदांतलं अंतर मोजणं अवघड नाही. ट्रॅकवर दर 10 मीटरला एक खूण धरा. प्रत्येक गाडी ती खूण ओलांडते त्याची वेळ नोंदवा. मागची गाडी त्याच खुणेवर आली की दोन वेळांची वजाबाकी करा. 2.4 किलोमीटरला गाडीमागे 240 आकडे, काहीच नाही. लॅप नंबर मात्र सोबत ठेवा, नाहीतर स्टार्ट लाइनवर अंतर अचानक 75 सेकंद दाखवतं आणि बॉट वेड्यासारखे वागतात.

```
err = gapSec - targetSec      // धन: बॉट हवा त्यापेक्षा मागे
want = clamp(0.90 + 0.02 * err, 0.84, 0.98)
skill = moveToward(skill, want, 0.01 * dt)
```

skill म्हणजे पकडीचा किती भाग वापरायचा तो. शेवटची ओळ महत्त्वाची आहे: सेकंदाला फार तर 0.01 बदल. 0.90 वरून 0.98 वर जायला आठ सेकंद लागतात, म्हणजे बदल एका वळणात होत नाही, दोन-तीन वळणांत पसरतो. 0.84 आणि 0.98 या टोकांमध्ये तुमच्या ट्रॅकवर लॅपला सव्वादोन-अडीच सेकंदांचा फरक पडेल, ब्रेकिंग धरून थोडा अधिक. तीन लॅपमध्ये सुमारे सात सेकंद भरून काढता येतात. त्यापलीकडे बँडकडून अपेक्षा ठेवू नका.

लिनक्सवाला

वाचनखूण साठवली.

अवांतर: लाइन कशी बनवलीत? हाताने काढली की गणिताने? टॉर्क्स हा मुक्त स्रोत सिम्युलेटर बघितला नसेल तर बघा. त्यातल्या के1999 नावाच्या ड्रायव्हरची पद्धत छान आहे. रेमी कुलोम यांनी लिहिलेला तो. रस्त्याच्या मध्यावरून सुरुवात करतो आणि प्रत्येक बिंदू रस्त्याच्या रुंदीत इकडेतिकडे सरकवत वक्रता गुळगुळीत करत जातो. बऱ्याच फेऱ्यांनंतर लाइन आपोआप बाहेर-आत-बाहेर अशी होते. कोड वाचून कळण्याइतका लहान आहे.

वळणवेडा

हाताने काढली आहे, स्प्लाइन टूलने. वेग मात्र गणिताने. आधी प्रत्येक बिंदूला वक्रतेवरून कमाल वेग, मग शेवटाकडून मागे येत ब्रेकिंगची मर्यादा. के1999 नक्की बघतो.

शिकाऊ_चालक

मी पण बॉट करतोय म्हणून इथेच विचारतो. माझी गाडी लाइनवर राहते पण सरळ रस्त्यावर सापासारखी वळवळते. लाइनवर 8 मीटर पुढचा बिंदू घेतो आणि त्याच्याकडे स्टिअर करतो. 25 मीटर केलं तर वळवळ जाते, पण हेअरपिनला गाडी आतलं गवत कापते. मधला आकडा कोणता घ्यावा?

कोनमापक

मधला आकडा शोधू नका, अंतर वेगावर ठेवा. 50 च्या वेगाला 8 मीटर म्हणजे 0.16 सेकंद. स्टिअरिंग वळून गाडीने दिशा बदलेपर्यंत तो बिंदू मागे गेलेला असतो, म्हणून वळवळ. आणि 12 मीटर त्रिज्येच्या हेअरपिनमध्ये 25 मीटर पुढचा बिंदू म्हणजे वळणाच्या पलीकडचा, गाडी सरळ तिकडेच निघते. अर्ध्या सेकंदाचं अंतर घ्या, किमान 5 मीटर. 20 ला 10 मीटर होतील, 50 ला 25.

शिकाऊ_चालक

झालं! सुटलं. धन्यवाद.

वळणवेडा

आता आगगाडीचा प्रश्न. प्रत्येक बॉटला लाइनपासून थोडं डावं-उजवं अंतर दिलं. सरळ रस्त्यावर छान दिसतं. पण बॉट ओव्हरटेक करायला आतून शिरला की वळणाच्या मध्यावर बाहेर घसरतो आणि ज्याला ओव्हरटेक करायचं त्यालाच ठोकतो. खेळाडू असेल तर खेळाडूला.

कोनमापक

लाइन सरकवली, पण वेग मूळ लाइनचाच ठेवला असणार. रेसिंग लाइन 40 ची होते ती पूर्ण रस्ता वापरून. आतून चिकटून जाणाऱ्या गाडीला समजा 25 ची त्रिज्या मिळते. तिथे कमाल वेग 16.4, ताशी 59. तुमचा बॉट 75 ने तिथे शिरतोय.

तीन लाइन ठेवा: मुख्य, आतली, बाहेरची. प्रत्येकीचा वेग स्वतंत्र मोजलेला. बॉट त्यांच्यात हळूहळू सरकतो, आणि दोन्ही लाइनच्या वेगांपैकी कमी असेल तो पाळतो. आतून जाणाऱ्याचा वेग कमी होणारच, पण जागा त्याच्याकडे असते. ओव्हरटेकचा फायदा ब्रेकिंगमध्ये घ्यायचा, वळणात नाही. आणि वळणात शिरल्यावर लाइन बदलायला मनाई. निर्णय ब्रेकिंग पॉइंटच्या आधी.

रोजच्या फिरण्यासाठी मुख्य लाइनपासून अर्धा-पाऊण मीटरचं वैयक्तिक अंतर पुरतं, ते वळणाच्या तोंडाशी शून्याकडे आणा. चुकाही देऊ शकता, पण फासे टाकून नको. skill वाढलेलं असताना आणि खेळाडू आरशात असताना ब्रेकिंग 4-5 मीटर उशिरा होण्याची शक्यता वाढवा. दबावाखाली चूक झाल्यासारखं दिसतं.

शुद्धरेस

हे मात्र आवडलं. मागे लागून त्याला चूक करायला लावली, असं वाटेल. पण मी एक कसोटी सुचवतो. दुसऱ्या लॅपला गाडी मुद्दाम थांबवायची, 15 सेकंद मोजायचे, मग निघायचं. पहिला बॉट आपली वाट बघत बसला असेल तर गेम खोटा. मी प्रत्येक नवीन गेममध्ये हे करतो.

रिकामटेकडा

लोक गेम जिंकायला घेतात, हे भांडायला घेतात.

वळणवेडा

शनिवार-रविवारी सगळं बसवलं. निकाल सांगतो.

बॉट आणि खेळाडूची गाडी आता शंभर टक्के सारखी, ग्रिप सारखं, कमाल वेग सारखा. बँड फक्त skill वर. वेगवेगळी टार्गेट. त्याच खेळणाऱ्यांना परत बसवलं, काय बदललं ते न सांगता. रॉकेट, फसवणूक असं कुणीच म्हटलं नाही. एकाने विचारलं, "पिवळा ड्रायव्हर ब्रेकला घाबरतो का?" पिवळ्याचं टार्गेट चार सेकंद मागचं आहे!

शुद्धरेसची कसोटीही घेतली. 15 सेकंद थांबल्यावर पहिला बॉट 0.84 वर येतो, पण तेवढ्याने लॅपला दीडेक सेकंदच हळू होतो. थांबलेला खेळाडू त्याला गाठू शकत नाही. आणि रिकामटेकडांची युक्तीही करून बघितली. दोन लॅप निवांत फिरलं तर तिसऱ्यात पहिला नंबर मिळत नाही, दुसरा-तिसरा मिळतो.

अडचण एकच उरली आहे. नवशिका पहिल्याच वळणात धडकला की आता त्याला खरंच कुणी दिसत नाही.

छोटीचा_बाबा

म्हणजे माझी लेक पुन्हा रिकाम्या रस्त्यावर. 15 सेकंद थांबण्यावर तुम्ही खूश, पण धडकून 15 सेकंद घालवणारी ती पण तुमचीच खेळाडू आहे ना?

शुद्धरेस

तिला सोपी पातळी द्या.

छोटीचा_बाबा

सोप्या पातळीवर न धडकता चालवली तर ती बॉटना लॅप मारून पुढे जाते. आठ वर्षांची आहे, कधी सुसाट, कधी भिंतीत. पातळी एकच धरून कसं चालेल?

गणितप्रेमी

पाचही बॉटना एकच मर्यादा कशाला? पुढच्या दोघांना 0.84 राहू द्या. शेवटच्या दोघांना 0.70 पर्यंत जाऊ द्या. जिंकणं प्रामाणिक राहील आणि शेपटीला सोबत मिळेल.

कोनमापक

मीही हेच सुचवणार होतो. एकच सावधगिरी. 0.70 ला वळणातला वेग सुमारे 16 टक्क्यांनी कमी होतो, आणि तो जवळून बघितला तर दिसतो. तेव्हा खेळाडू तीन सेकंदांच्या आत आला की त्या बॉटला हळूहळू 0.84 वर परत आणा. रेंगाळायचं ते नजरेआड. पण मिनिमॅप असेल तर नजरेआड असं काही नसतं, ठिपके सगळं सांगतात. तुमच्याकडे आहे का मिनिमॅप?

वळणवेडा

आहे. आणि दर लॅपला अंतराचे सेकंदही दाखवतो.

शुद्धरेस

मग मी तिथेच पकडेन. चौथ्या नंबरचा बॉट पहिल्या लॅपला 76 आणि दुसऱ्याला 81, मी धडकलो म्हणून. सेटिंगमध्ये एक खूण द्या: "मागच्या गाड्या सोबत ठेवा." ज्याला हवं तो लावेल. लपवाछपवी नको, हे मी सुरुवातीपासून म्हणतोय.

छोटीचा_बाबा

ही खूण चालेल. फक्त मुळातच लावलेली असू द्या, लेक सेटिंगमध्ये जात नाही.

शुद्धरेस

मुळात काढलेली असावी.

वळणवेडा

पहिल्यांदा गेम उघडल्यावर विचारायचं का? मित्र म्हणतो, सुरुवातीलाच प्रश्न विचारला की लोक गेम बंद करतात. दुसरं म्हणजे, शेवटच्या लॅपला बँड गोठवावा का? आत्ता शेवटच्या 400 मीटरला skill आहे तिथेच थांबवतो.

कोनमापक

गोठवाच, पण अंतरावर नको, वळणांवर बघा. शेवटचं मोठं ब्रेकिंग जिथे आहे त्याच्या आधीच्या वळणापासून गोठवा. तुमचे 400 मीटर त्या ब्रेकिंगनंतर सुरू होत असतील तर काही उपयोग नाही, निकाल तोवर लागलेला असतो. आणि गोठवताना 0.98 वर असलेल्या बॉटला तिथेच राहू द्या. 0.90 वर आणलात तर खेळाडूला शेवटच्या वळणात फुकटचा ओव्हरटेक मिळेल आणि त्याच्याही ते लक्षात येईल.

वळणवेडा

शेवटचं मोठं ब्रेकिंग 520 मीटर आधी आहे, म्हणजे गोठवणं त्याच्याही मागे न्यायला लागेल. आज रात्री बदलतो. खुणेचं अजून ठरलं नाही.

रिकामटेकडा

खूण मुळात अर्धी लावलेली ठेवा, दोघांचंही समाधान.